सुरमईची तुकडी अख्खी राहावी म्हणून: स्वयंपाकघरातल्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

दिवाळीचं गोडधोड संपलं, आम्ही देतो त्या जेवणाच्या डब्यांना पुन्हा मासे सुरू झाले आणि त्यामागोमाग जुनी तक्रारही आली. कालवणाची चव चांगली, पण तुकडी म्हणून जे येतं तो चुरा असतो. काट्याभोवती थोडं मांस आणि बाकी सगळं रशात.

काकी सकाळचं कालवण करतात तेव्हा हे होत नाही. संध्याकाळची शेगडी भाच्याकडे आहे, तिथे होतं. काकींनी त्याला शिकवलं ते असं: "मंद आचेर, शिजेपर्यंत." यातला एकही शब्द नवख्याच्या कामाचा नाही. आमच्याकडच्या मोठ्या बर्नरची सर्वांत बारीक आच ही लहान बर्नरच्या मध्यम आचेहून जास्त आहे. आणि मासा शिजला हे कळेपर्यंत तो बहुधा शिजून पुढे गेलेला असतो.

म्हणून हे काम हाती घेतलं. शेगडीमागच्या भिंतीवर एक तक्ता लावायचा. तुकडीची जाडी एवढी असेल तर आच कशी, वेळ किती आणि गॅस बंद केल्यावर झाकून किती ठेवायचं, एवढंच त्यात असेल. सुरमई धरून सुरुवात करायची, कारण डब्यात तीच जास्त जाते आणि तिच्या गोल तुकड्या मोजायला सोप्या. साधनं म्हणजे शाळेतली फूटपट्टी, मोबाईलचं घड्याळ आणि सुई असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर. मसाला नेहमीचाच. एक किलो माशाला एका नारळाचं वाटण, बेडगी मिरची, धणे, हळद, लसूण आणि सहा-सात आमसुलं. वाटणात हात घालायचा नाही, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फक्त पाहिलं. तुकडी नेमकी मोडते कधी? दोन ठिकाणी मोजायचं ठरवलं: एकदा गॅस बंद केल्यावर टोपात, एकदा डबा भरून झाल्यावर.

भाच्याच्या टोपात जवळजवळ निम्म्या तुकड्या आधीच फुटलेल्या होत्या. काकींच्या टोपात सगळ्या अख्ख्या, पण डब्यात पोचेपर्यंत त्यांच्याही काही मोडल्या. म्हणजे दुखणी दोन आहेत. एक शिजताना, दुसरं वाढताना. आधी पहिलं धरते.

शिजलेल्या सुरमईची तुकडी हातात घेऊन नीट पाहिली तर मांसाच्या चकत्या सुटतात, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकात एक बसलेल्या. दोन चकत्यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो आणि तोच त्यांना धरून ठेवतो. मटणातला असा पडदा चिवट, त्याला वितळायला तास लागतात. माशातला फार नाजूक. साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला तो विरघळून चिकट पाणी होतो. मासा शिजतोही त्याच सुमाराला. त्यामुळे शिजलेला मासा म्हणजे धरून ठेवणारं काही न उरलेल्या चकत्यांचा गठ्ठा. चांगला शिजवला तरी तो तसाच असणार. तो अख्खा राहतो तो केवळ कोणी हलवत नाही म्हणून.

हे एकदा लक्षात आलं की "जास्त शिजला म्हणून फुटला" एवढं म्हणून भागत नाही. शिजल्यानंतर त्याला धक्के किती बसले, हे पाहायला हवं. खळखळ उकळी म्हणजे मिनिटाला शेकडो धक्के. जास्त शिजवण्याचा तोटा असा की तेवढा वेळ ते धक्के चालू राहतात, शिवाय मांस आवळून पाणी सोडतं आणि तुकडी कोरडी, भुसभुशीत होते.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचं काम आच ठरवण्याचं. गॅसच्या नॉबवर खूण करून उपयोग नाही, कारण टोप बदलला, रस्सा कमीजास्त झाला की ती खूण खोटी पडते. म्हणून खूण नॉबवर न करता रशाच्या वरच्या थरावर करायची. मासा न घालता नुसत्या रशात थर्मामीटर धरून तीन अवस्था लिहून घेतल्या.

मधोमध खळखळ, बुडबुडे एकावर एक फुटतात, वर फेस: ९८ ते १००.

कडेला एक-दोन ठिकाणी बारीक बुडबुडे येतात, मध्ये तवंग नुसता थरथरतो: ८८ ते ९२.

बुडबुडा नाही, वाफ निघते, तवंग संथपणे सरकतो: ७८ ते ८२.

आपल्याला मधली हवी. खालची अवस्था माशाला पुरेशी आहे, त्यात मासा शिजतो आणि उत्तम शिजतो, पण वेळ बराच लागतो आणि डब्याच्या घाईत ते जमणार नाही. मधल्या अवस्थेला आम्ही "कडेची उकळी" म्हणतो. काकी थर्मामीटरकडे न बघता म्हणाल्या, "सुयेक काय कळता? कडेक बघ." त्यांनी आयुष्यभर कडेलाच पाहिलंय आणि त्यांची कडेची उकळी सुईवर ९० निघाली.

एक गोष्ट मात्र त्यांच्याही ध्यानात नव्हती. दाट रशात ही खूण फसवते. वाटण दाट असेल तर रस्सा आतल्या आत फिरत नाही. तळाशी १००, वर ७५, आणि मधेच तळातून मोठा बुडबुडा येऊन फदकन फुटतो. दिसायला आच मंद, कारण फदफद थांबून थांबून होते. पण तो एकेक बुडबुडा तुकडी खालून उचलून टाकतो. भाच्याचा रस्सा असाच होता. तो आधी रस्सा आटवून हवा तेवढा दाट करायचा आणि मग मासा घालायचा. उलट करायला हवं. मासा घालताना रस्सा पळीवरून सहज ओघळेल इतका पातळ असावा. मासा थोडं पाणी सोडतो खरं, पण झाकण उघडं ठेवलं तर तेवढं उडून जातं, आणि नारळाचं वाटण मुरल्यावर रस्सा आपोआप दाटतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जाडी. कोळणीकडून आलेली एकाच सुरमईची तुकडी फूटपट्टीवर ठेवली: शेपटीकडची १.२ सेंटिमीटर, मधली २, डोक्याजवळची २.८. सगळ्या एकाच वेळी टोपात जातात आणि एकाच वेळी उतरतात. शेपटीची कोरडी होऊन फुटते आणि डोक्याकडची काट्याजवळ कच्ची राहते. मग काट्याजवळ कच्चं दिसलं म्हणून गॅस मोठा करायचा, की मधल्याही जातात.

उष्णता माशात दोन्ही बाजूंनी आत शिरते आणि मध्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो जाडीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ दुप्पट नव्हे, हिशेबाने चौपट. प्रत्यक्षात दुपटीहून थोडा जास्त येतो, कारण मासा पडल्याबरोबर रस्सा गार होतो आणि तो पुन्हा तापेपर्यंतची मिनिटं पातळ तुकडीलाही द्यावीच लागतात. शिवाय उष्णता तुकडीच्या कडेनेही आत जाते. पण तेवढाच म्हटलं तरी एक सेंटिमीटर आणि दोन सेंटिमीटर एका टोपात एकत्र टाकण्यात काही अर्थ नाही, हे उघड आहे.

कॅनडात माशासाठी एक इंचाला दहा मिनिटं असा ठोकताळा सांगतात, सर्वांत जाड जागी मोजून. अडीच सेंटिमीटरला तो आमच्या आकड्याशी जुळतो. पातळ तुकडीला मात्र तो सरळ हिशेब लावला तर अर्ध्या इंचाला पाच मिनिटं येतात, आणि रशात अर्ध्या इंचाला तेवढी नकोत.

कोळणीला सांगितलं, सगळ्या तुकड्या दोन सेंटिमीटरच्या कर, म्हणजे तर्जनीच्या रुंदीहून जरा जास्त. ती हसली, पण केल्या. शेपटी वेगळी बांधून दिली. शेपटीचे तुकडे आता मागाहून टोपात जातात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा. मासे नाहीत. आकडे स्वच्छ लिहून काढले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज पूर्ण एक फेरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून ठेवते, कारण तक्त्यामागची कारणं यात आहेत.

सुरमई एक किलो, दोन सेंटिमीटरच्या तुकड्या. धुऊन पाणी पूर्ण निथळून घेतलं. मीठ, हळद आणि दोन चमचे आगळ लावून वीस मिनिटं बाहेर ठेवल्या. हे चवीसाठी करतात असं सगळे समजतात. पण मीठ आणि आंबट यांनी तुकडीचं वरचं मांस आवळतं, बोट लावलं तर कळतं, आणि तो आवळलेला थर शिजताना पातळ सालीसारखा तुकडीला धरून ठेवतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलं तर पाणी सुटून कड कोरडी पडते, म्हणून वीसच. या वेळात फ्रिजमधली तुकडी जरा उबदार होते तेही फायद्याचं. थेट फ्रिजमधून टोपात गेलेल्या तुकडीला एक मिनिट जास्त लागलं.

भांडं लंगडी, पसरट, जाड बुडाचं. तुकड्या एकाच थरात मावायला हव्यात. उभट टोपात दोन थर झाले की खालच्यावर वरच्यांचा भार येतो आणि तळाची आच सगळी त्यांनाच बसते.

रस्सा दीड लिटरच्या आसपास, मीठ आणि आमसुलं आधीच घालून पाच मिनिटं चांगला उकळला. कच्च्या वाटणाचा वास जाणं, मिठाचा अंदाज घेणं, आंबटपणा उतरणं हे सगळं मासा पडायच्या आधी आटपून घ्यायचं. मासा गेल्यावर रशात काही बदलायचं नाही, कारण बदलायचं म्हणजे ढवळायचं.

मग आच कमी करून तुकड्या एकेक करून, उलथण्यावरून सरकवत सोडल्या. रस्सा ९७ वरून बघता बघता ८० पर्यंत आला. भाचा इथेच चुकत असे, असं आता वाटतं. रस्सा शांत झाला की तो मोठी आच लावायचा आणि मग ती कमी करायची राहून जायची. पण सुरुवातीपासून अगदी बारीक ठेवली तरी जमत नाही, एक किलो गार मासा रशाला खाली खाली ओढत नेतो आणि वेळेचा हिशेब चुकतो. म्हणून पहिली तीन मिनिटं मध्यम आच. मासा अजून कच्चा, घट्ट असतो, त्याला थोडे धक्के चालतात. कडेला पहिला बुडबुडा दिसला की आच सर्वांत बारीक.

मासा पडल्यापासून घड्याळ लावलं होतं. चौथ्या मिनिटाला काट्याजवळ सुई घातली, ३८ अंश. सातव्या मिनिटाला ५५. तिथे गॅस बंद करून झाकण घातलं. रस्सा तेव्हा ९० वर होता, त्याच्यातली उष्णता आत जायची थांबत नाही. पाच मिनिटांनी झाकण काढून मोजलं तर मध्यात ६४. अमेरिकेत माशासाठी ६३ अंश हा सुरक्षित आकडा सांगतात, डब्यात जाणाऱ्या मालाला मी तोच धरला आहे.

हा शेवटचा टप्पा या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो. मासा शेवटच्या पाच मिनिटांत, म्हणजे मोडायला सर्वांत सोपा असतो तेव्हा, पूर्णपणे निश्चल रशात शिजतो. एकही बुडबुडा नाही.

झाकण काढलं तेव्हा एकही तुकडी फुटलेली नव्हती. एका तुकडीची कातडी एका जागी चिरली होती, एवढंच. कातडी मांसापेक्षा जास्त आवळते आणि तुकडी वाटीसारखी वाकते. सुरीच्या टोकाने कातडीला एक छोटी चीर दिली तर हे टळतं, पण रोज एवढ्या तुकड्यांना कोण देणार.

थर्मामीटर नसताना कसं ओळखायचं: मधल्या काट्यालगतचं मांस काचेसारखं, गुलाबी दिसायचं थांबून पांढरं होऊ लागतं, पण काट्याला अगदी चिकटून अजून एक धूसर रेघ उरलेली असते. ती रेघ असताना गॅस बंद करायचा. रेघ गेल्यावर बंद केला तर झाकणाखाली मासा पुढे जातो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी, डबे थोडे. बांगड्याला वेळ मिळाला.

बांगडा गोल. पाठीकडे मोजला तर साडेतीन सेंटिमीटर भरतो, म्हणून सुरमईच्या हिशेबाने त्याला पंधरा-सोळा मिनिटं लागायला हवीत. लागतात नऊ. सुरमईच्या चपट्या तुकडीला उष्णता मुख्यतः दोन बाजूंनी मिळते, बांगड्याला चहूकडून, आणि पोट चिरलेलं असल्याने रस्सा आतही शिरतो. त्यामुळे गोल माशाची जाडी मोजून त्यातला पाव भाग वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याला तक्ता लावायचा. साडेतीनचा बांगडा अडीचच्या तुकडीत जमा. तिरफळं ठेचून रशातच उकळून घेतली, वरून घालून ढवळणं नको.

बोंबलावर तक्ता चालत नाही. त्याच्यात पाणीच इतकं की धरून ठेवायला मांस थोडं. काकी रस्सा उकळवून, गॅस अगदी बारीक करून बोंबील सोडतात, दोन मिनिटं, आणि झाकून उतरवतात. मी मोजून पाहिलं, त्यात सुधारण्यासारखं काही सापडलं नाही. तसंच लिहिलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आता दुसरं दुखणं, वाढताना मोडणं.

रात्रीचं कालवण दुसऱ्या दिवशी घट्ट तुकड्यांचं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. विरघळलेला तो पडदा गार होताना पुन्हा गोठतो आणि चकत्या चिकटतात. डब्यांसाठी रात्रभर थांबता येत नाही आणि पंधरा मिनिटांत तो पडदा गोठतही नाही, पण तेवढ्यानेही फरक पडतो. गॅस बंद केल्यावर लगेच उचललेल्या तुकड्या आणि झाकण काढून पंधरा मिनिटं थांबून उचललेल्या तुकड्या शेजारी ठेवल्या. पहिल्या उलथण्यावरच दुभंगल्या, दुसऱ्या उतरल्या. पंधरा मिनिटांनंतरही रस्सा ६५च्या वर होता, डबा गरम जातो.

पळीने वाढायचं बंद केलं. पळीच्या खोलगट तोंडात दोन सेंटिमीटरची रुंद तुकडी बसतच नाही, ती अर्धी बाहेर राहते आणि तिथेच मोडते. चपट्या उलथण्याने तुकडी आधी डब्यात, रस्सा मागाहून पळीने, डब्याच्या कडेवरून. आणि टोपात रस्सा सारखा करायचा असेल तर काकींचा उपाय: "चमचो घालू नको रे, टोप हालय." दोन्ही कान धरून लंगडी हळूच गोल फिरवायची. भाच्याने आज पहिल्यांदा फिरवली, थोडा रस्सा शेगडीवर सांडला.

"आत्या, हे तक्त्यात लिहायचं?"

लिहायचं. कपडा धरून, असंही लिहायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार

एका घरगुती कार्यक्रमाची तीन किलोची मागणी होती. मोठ्या टोपात एकदम करून पाहिलं आणि तक्ता कोलमडला. तीन किलो मासा पडल्यावर रस्सा ७० च्याही खाली गेला, मध्यम आचेवर वर यायला फार वेळ लागला, आणि तेवढ्यात तळाच्या तुकड्या शिजून गेल्या तरी वरच्या कच्च्या. दोन थर होते हेही कारण. एका भांड्यात दीड किलोपेक्षा जास्त मासा नाही, ही अट तक्त्यात सर्वांत वर गेली. जास्त असेल तर दोन लंगड्या, दोन शेगड्या.

बर्फातल्या सुरमईची एक थैली पडून होती, तीही लावली. वेळ तेवढाच घेतला, पण तुकड्या ताज्यापेक्षा नक्कीच जास्त फुटल्या. गोठताना मांसातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात, ते नुकसान आचेने भरून येत नाही. बर्फातला मासा कालवणाला न घेता तळायला घ्यावा, असं माझं मत आहे. काकींचं मत आहे की तो घेऊच नये.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तक्ता लावला. मजकूर असा:

एका लंगडीत एकच थर, दीड किलोपर्यंत. रस्सा पातळ, मीठ-आमसूल आधी. मासा घातल्यापासून वेळ मोजायची. कडेला पहिला बुडबुडा येईपर्यंत मध्यम आच, मग सर्वांत बारीक. मधोमध उकळी दिसता कामा नये.

१ सेंटिमीटर: ३ मिनिटं, झाकून ३.
दीड सेंटिमीटर: ५ मिनिटं, झाकून ४.
२ सेंटिमीटर: ७ मिनिटं, झाकून ५.
अडीच सेंटिमीटर: ९ मिनिटं, झाकून ६.
३ सेंटिमीटर: १२ मिनिटं, झाकून ८.
त्याहून जाड: परत कोळणीकडे.

बांगडा: जाडीतून पाव भाग वजा. बोंबील: काकींना विचार.
मातीच्या भांड्यात: गॅस एक मिनिट आधी बंद, ते बंद केल्यावरही उकळत राहतं.
झाकण काढून पंधरा मिनिटं थांब. उलथणं आधी, पळी नंतर. ढवळायचं नाही, लंगडी फिरवायची, कपडा धरून.

काकींनी वाचून घेतलं. "त्याहून जाड" ही ओळ त्यांना पटली नाही, त्यांच्या मते जाड तुकडीला दोन्ही बाजूंनी चिरा दिल्या की ती चालते. रविवारी हलवा येणार आहे, डोक्याकडच्या तुकड्या जाडच असतात. चिरा देऊन तीन सेंटिमीटरच्या वेळेत ६३ गाठता येतात का ते त्यात पाहायचं आहे.